तोळ्यामागचा हिशोब

"दादा, दुबईहून सोनं आणलं तर तोळ्यामागे किती वाचतात?"

ज्याला आयतं उत्तर हवं असतं त्याला मी "फार नाही" एवढंच सांगतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून 2024 च्या दिवाळीचा हिशोब मांडतो. आकडे ढोबळ आहेत, सोयीसाठी गोल केलेले.

मी दुबईत इलेक्ट्रिशियन आहे, घर ऐरोलीला. त्या दिवाळीत सुट्टीवर यायचं होतं आणि बायकोसाठी दोन तोळ्यांच्या बांगड्या करायचं ठरलं होतं. निघायच्या आधी मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, इथे तोळा 80 हजार झालाय, तुमच्याकडे 71 च आहे. डोळे झाकून घ्या!" त्याने पेपरातला भाव वाचला होता, म्हणजे 24 कॅरेटचा. माझ्याकडचा भाव होता दागिन्याचा, 22 कॅरेटचा, साधारण 310 दिरहॅम ग्रॅम. दिरहॅम 23 रुपयांना धरला तर तोळा 71,300. ठाण्यातला 22 कॅरेटचा भाव काढायला सांगितला तेव्हा तो 73,500 निघाला. पावणेनऊ हजारांचा फरक एका फोनमध्ये बावीसशेवर आला. तिकडच्या स्वस्ताईच्या बऱ्याच गोष्टी अशाच तयार होतात.

उरलेला फरक येतो मुख्यतः आयात शुल्कातून. सोनं बाहेरून आणताना लागणारं शुल्क इथल्या भावातच मिसळलेलं असतं. जुलै 2024 च्या बजेटमध्ये ते 15 टक्क्यांवरून 6 वर आलं आणि दुबईची निम्मी मजा तिथेच संपली. माझ्या रूमवरचे जुने लोक अजून 15 टक्क्यांच्या काळातले किस्से सांगतात.

पण दागिना नुसत्या भावाने मिळत नाही. दुबईत 20 ग्रॅमचे 6,200 दिरहॅम, मजुरी ग्रॅमला 15 प्रमाणे 300, वर 5 टक्के व्हॅट. परत मिळतो तो व्हॅट पर्यटकांना. तिथे राहून काम करणाऱ्याला नाही. झाले 6,825 दिरहॅम, म्हणजे जवळपास 1 लाख 57 हजार रुपये. ठाण्यात सोन्याचे 1 लाख 47 हजार, मजुरी 12 टक्के, त्यावर 3 टक्के जीएसटी: 1 लाख 69,600 च्या आसपास. साडेबारा हजार वाचतायत असं वाटतं ना? मेहुण्यालाही वाटलं.

मग विमानतळ. वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या पुरुषाला तेव्हा 20 ग्रॅमपर्यंतचा दागिना शुल्काशिवाय आणता यायचा, पण किंमत 50 हजारांच्या आत हवी. लोक वजन लक्षात ठेवतात, किंमत विसरतात. त्या भावात 50 हजारांत जेमतेम सहा ग्रॅम बसत होते! बायकांना सवलत दुप्पट होती, पण बाई स्वतः वर्षभर बाहेर राहिलेली हवी, माझी ऐरोलीला. म्हणजे वरच्या 1 लाख 7 हजारांवर 6 टक्के, सुमारे 6,400 रुपये, रेड चॅनेलला जाऊन भरायचे. हातात घालून, काही न सांगता ग्रीन चॅनेलमधून निघायचा सल्ला देणारे रूमवर पुष्कळ असतात. पकडलं तर सोनं जप्त आणि दंड वेगळा, आणि तेव्हा त्यांच्यापैकी कोणी शेजारी नसतं.

त्यामुळे बांगड्या तिकडे घेतल्याच नाहीत. सहा ग्रॅमची साखळी तेवढी घेतली, 47 हजारांची, बिल माझ्या नावावर, शुल्क शून्य. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्याला एका पेढीवर गेलो. गर्दी इतकी की बसायला स्टूल मिळेना. बायकोनेच सुरुवात केली, "शेठ, साध्या बांगड्यांना 12 टक्के मजुरी? काही कोरीवकाम आहे का यावर?" शेठ दहावर आले, चहा आला, मग आठवर. बिल झालं 1 लाख 63,500. दुबईच्या बांगड्या शुल्कासकट 1 लाख 63,400 ला पडल्या असत्या. दोन तोळ्यांमागे शंभर-सव्वाशे रुपये! साखळीवर मात्र त्याच मजुरीच्या हिशोबाने दोन हजार सुटले होते.

त्याच पेढीवर साखळी दाखवली, सहज. शेठनी भिंगातून 916 चा शिक्का पाहिला आणि म्हणाले, "हॉलमार्कचा सहा अक्षरी नंबर नाही यावर. मोडायला आणलीत तर आधी मशीनवर कस बघावा लागेल, मगच भाव सांगू." बांगड्यांवर तो नंबर आहे, आणि त्याच दुकानात बदलून घेतल्या तर कटकट कमी.

तेव्हा तुम्ही काय आणताय ते आधी सांगा. साखळी असेल, कोरीवकाम नसलेली, सवलतीत बसणारी, तर जरूर घ्या. फक्त तिकीट काढाल तेव्हा सवलतीचा नियम आणि शुल्काचा दर ताजा बघा, दोन्ही बदलत असतात. ठुशी किंवा कोल्हापुरी साज हवा असेल तर तो दुबईत शोधण्यात सुट्टीचा दिवस घालवू नका.