कंपास-पट्टी अपडेट: कोन दुभागताना कंस कुठे मारायचा

या आठवड्यात नवीन काही रचलं नाही, जुनंच कोनदुभाजक आणि लंब परत घेऊन बसले, कारण पुढे मोठी नक्षी काढताना सगळी चूक इथूनच शिरते हे दिसायला लागलं होतं.

आपण कोनदुभाजक कसा काढतो, शिरोबिंदू O वर टोक ठेवून एक छोटासा कंस, तो दोन्ही भुजांना P आणि Q मध्ये छेदतो, मग P वरून आणि Q वरून एकमेकांसारख्याच मापाचे दोन कंस, ते जिथे छेदतात तो X, आणि OX जोडली की झालं. भूमितीच्या दृष्टीने पहिला कंस कितीही छोटा चालतो, कागदावर मात्र अजिबात नाही.

४० अंशांचा कोन घ्या. पहिला कंस ३ सेमीचा मारला तर P आणि Q मध्ये जेमतेम २ सेमी अंतर राहतं. मग बरेच जण X लांब यावा म्हणून दुसऱ्या दोन कंसांना कंपास चांगला १२ सेमी उघडतात, लांब बिंदू म्हणजे रेष अचूक असं वाटतं. पण केंद्रं जवळजवळ आणि त्रिज्या मोठी असली की दोन्ही कंस X पाशी जवळपास एकमेकांवरूनच जातात, छेद पसरट होतो, आणि पसरतो तो नेमका आडवा, दुभाजकाला काटकोनात, म्हणजे सगळी चूक थेट कोनात जाते. P वरून Q वर जाताना कंपास फक्त ०.३ मिमी सरकला तरी X पावणेदोन मिमी बाजूला जातो आणि दुभाजक सुमारे ०.७ अंश फिरतो.

आता तोच कोन, पण पहिला कंस १० सेमीचा. PQ जवळपास ७ सेमी होतं, मग दुसरे कंस ५ सेमीचेच मारले तर ते जवळजवळ काटकोनात छेदतात, बारीक स्वच्छ फुली दिसते. तेवढाच ०.३ मिमी सरकला तरी कोनात फरक ०.१ अंशाच्या आसपास. म्हणून मी आता P, Q शक्य तितके लांब घेते आणि दुसरी त्रिज्या PQ च्या साधारण पाऊणपट ठेवते, मोजत नाही, नजरेने.

तपासायला कोनमापक नको, त्यावर अर्ध्या अंशाखालचं धड दिसतच नाही. दुभाजक पहिल्या कंसाला जिथे कापतो तो M, कंपास PM एवढा उघडा आणि तोच M वरून Q कडे फिरवून बघा. दुभाजक एकीकडे जेवढा सरकलाय त्याच्या दुप्पट फरक इथे दिसतो, त्यामुळे ०.१ अंशाची चूकसुद्धा १० सेमीच्या कंसावर तिसरा हिस्सा मिमी एवढी उघडी पडते. शिसं मात्र टोकदार हवं, मी २एच ला सँडपेपरवर छिन्नीसारखी धार करते.

विशाल कोनाला हे उलटं होतं. १५० अंशांना १० सेमीवर P, Q घेतले तर PQ १९ सेमीच्या वर जातं आणि त्याच्या पाऊणपट माझा कंपास उघडतच नाही, तिथे पहिला कंस ६ सेमीचा पुरतो.

आणि कोन वाढवत १८० पर्यंत नेला की तोच दुभाजक म्हणजे रेषेवरच्या बिंदूतून लंब! वेगळी रचना पाठ करायची गरजच नाही, O च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर P, Q, बाकी तेच.

अडतं कुठे, तर बिंदू कागदाच्या कडेला असला की, कारण एका बाजूला P ठेवायला जागाच नाही. तिथे अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे वापरायचं. कडेच्या बिंदूला A म्हणू. रेषेच्या वर कुठेही C घ्या, C केंद्र धरून A मधून जाणारं वर्तुळ काढा, ते रेषेला परत B मध्ये छेदेल, BC जोडून पुढे वाढवा, वर्तुळावर जिथे पोचेल तो D, AD हा लंब. BD व्यास आहे म्हणून A पाशी काटकोन.

पुस्तकात C 'कुठेही' असतो, पण C जर A च्या जवळपास डोक्यावर घेतला, समजा १ सेमी आत आणि ६ सेमी वर, तर वर्तुळ रेषेला घासत जातं आणि B नक्की कुठे ते कळतच नाही, ०.३ मिमीच्या रेघेत B दीड-दोन मिमी इकडेतिकडे होतो आणि लंब पाऊण अंशाहून जास्त कलतो. C ४ सेमी आत आणि ४ सेमी वर घेतला की वर्तुळ रेषेला ४५ अंशांत कापतं, B स्पष्ट मिळतो, आणि कल पाव अंशाच्या आत राहतो. D मग A पासून ८ सेमी वर येतो, आणखी लांब लंब हवा असेल तर C त्याच तिरक्या दिशेने पुढे सरकवा, सरळ वर नाही.

पुढच्या वेळी रेषेबाहेरच्या बिंदूतून लंब टाकणार आहे, बिंदू रेषेपासून खूप लांब असतो तेव्हा पहिल्या कंसाचे दोन छेद असेच घासट येतात का ते बघायचंय.