रिकामे हाय का?

दुपारी डबा उघडला आणि मोबाईल टुणकन वाजला. 'हॅलो सर.' पोळीचा तुकडा मोडेपर्यंत दुसरा मेसेज. 'रिकामे हाय का आत्ता?' त्यानंतर काहीच नाही. वर 'टायपिंग' असं दिसेल म्हणून मी बराच वेळ पाहत बसलो, भाजी निवून गेली. समोरचा माणूस टाईप करतच नव्हता. तोही माझ्यासारखाच त्याच्या मोबाईलकडे पाहत बसला असणार.

आमच्या गावात शाळेचा मास्तर असणं, त्यात घरी चारचाकी असणं आणि तिसरं म्हणजे मोबाईलवर फॉर्म भरता येणं, या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नशिबी आल्या की त्याला हा प्रश्न दिवसातून केव्हाही येतो. आणि त्याला उत्तर काय द्यायचं, हे मला अजून धड ठरवता आलेलं नाही. 'हो' म्हणावं, तर न वाचता सही केल्यासारखं होतं. 'नाही' म्हणावं, तर काम काय होतं हे कळायचंच राहून जातं आणि संध्याकाळभर मन तिकडेच लागून राहतं. 'काय काम होतं?' हे उत्तर सगळ्यात शहाणं, पण लिहून पाठवलं की ते भलतंच कोरडं दिसतं. पारावर हेच शब्द हसून म्हणता येतात. मोबाईलवर हसू जात नाही. त्यासाठी ते पिवळं तोंड चिकटवावं लागतं आणि बापाच्या वयाच्या माणसाला ते पाठवणं मला जमत नाही.

एसटीडी बूथच्या काळात ही भानगड नव्हती. लाल आकडे डोळ्यांसमोर पळायचे. नागपूरला फोन लागला की माणूस 'बाबाले बरं नाही, ये' एवढं सांगून मोकळा. तिथे 'रिकामा हायेस का?' विचारायला पैसे कोणाच्या बापाचे? पुढे 2003 मध्ये मोबाईलवर येणारा फोन फुकट झाला, 2016 नंतर जाणाराही जवळजवळ फुकटच झाला आणि बोलण्याला अंगण फुटलं. पण फोनवर हा प्रश्न चालून जातो. तो विचारतो, मी 'हाव, बोला' म्हणतो, दोन सेकंदांत काम पुढे सरकतं. मेसेजमध्ये तोच प्रश्न एखाद्याने एकला विचारला, मी अडीचला पाहिला, माझं 'हो' त्याने वावरातून आल्यावर पाहिलं, तोवर मी वर्गात. विचारण्यात आणि सांगण्यात अख्खी दुपार जाते.

त्या दिवशीचं काम निघालं ई-पीक पाहणीचं, म्हणजे वावरातलं पीक सरकारी ॲपवर नोंदवायचं. ते कळलं तेव्हा साडेचार वाजले होते. आता हे काम 'पाच मिनिटांचं' म्हणून सांगितलं जातं, आणि घरात बसून असतं तर असतंही. पण पिकाचा फोटो त्या गटात उभं राहूनच काढावा लागतो. म्हणजे त्याच्या वावरापर्यंत जाणं आलं, ते नाल्यापलीकडे. तिथे नेटवर्क एका धुऱ्यावर मिळतं, दुसऱ्यावर मिळत नाही. ओटीपी ज्या नंबरवर येणार तो मोबाईल पोरगा वर्ध्याला घेऊन गेलेला. पोराला फोन करा, तो क्लासमध्ये. खातेदाराचं नाव, गट नंबर, कपाशी किती, तूर किती, पाणी विहिरीचं की कशाचं, हे भरेस्तोवर सूर्य कलतो आणि फोटो काळा येतो. दुपारच्या मेसेजमध्ये 'ई-पीक' एवढे दोन शब्द असते, तर मी लगेच सांगितलं असतं की पोराला आधी मोबाईल घेऊन बोलवा, उद्या सकाळी शाळेआधी जाऊ. रिकामा आहे की नाही, हे कशासाठी त्यावर असतं. चहाला मी केव्हाही रिकामा असतो.

मग लोक काम आधी का सांगत नाहीत? यावर माझी चिडचिड फार दिवस होती. ती उतरली माझ्या बाबांमुळे.

पेरणीच्या तोंडावर आमच्याकडे एकच बैल उरला होता. बाबा मला शेजारच्या काकांकडे पिटाळायचे. 'जाय, पाहून ये, काका घरी हाय का. काहून इचारलं तं सांगजो नोको.' मी चड्डी सावरत जायचो. काकू ओट्यावर तांदूळ निवडत असायच्या. 'काका हायेत का?' 'काहून रे?' 'असंच.' काकू सुपातून वर पाहायच्या, मला, मग आमच्या घराच्या दिशेने, आणि म्हणायच्या, 'वावरात गेले ना बाप्पा.' आत काका खोकायचे. चांगला घसघशीत, तंबाखूचा खोकला. मी घरी येऊन सांगायचो, 'वावरात गेले म्हणते, पण घरातच हायेत.' बाबा 'बरं' म्हणायचे आणि दुसऱ्या घराचा विचार करू लागायचे. मला वाटायचं, काकू धडधडीत खोटं बोलल्या आणि बाबांना राग कसा येत नाही?

राग येण्यासारखं काही घडलंच नव्हतं. बाबांनी बैल मागितला नव्हता, काकांनी नाही म्हटलं नव्हतं. संध्याकाळी दोघं एकाच पारावर एकाच चंचीतून तंबाखू खात बसायचे. आणि ज्या दिवशी काकू म्हणायच्या, 'हायेत, पाठव बाबाले,' त्या दिवशी बैल मिळालाच म्हणून समजा. इमॅन्युएल शेगलॉफ नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 'एक विचारू का?' असल्या आधीच्या प्रश्नांवर 1980 साली आख्खा लेख लिहिला. आमच्या काकूंना ते सुपात तांदूळ निवडता निवडता कळत होतं.

तेव्हापासून 'काय काम होतं?' विचारताना माझा हात अडखळतो. पोराची फी भरायला दोन हजार मागायचे असतील, तर 'रिकामे हाय का' हा त्याचा ओटा असतो. मी 'शाळेत आहे' म्हटलं की तो आल्या पावली परत जाऊ शकतो. मी कामच विचारलं की त्याला मागावं लागतं आणि मला तोंडावर नाही म्हणावं लागतं. म्हणून हल्ली मी मधलंच लिहितो. 'साडेचारपर्यंत वर्ग आहे. घाईचं असेल तर आत्ताच फोन करा, नाहीतर घरी या, चहा घेऊ.' ज्याला परत जायचं त्याला वाट राहते, ज्याचं अडलं आहे तो फोन करतो. ई-पीकवाले मात्र हमखास चहाला येतात. त्याला इलाज नाही.

मागच्या पावसाळ्यात रात्री अकराला त्याच गृहस्थांचा फोन आला, मेसेज नाही. 'सर, झोपले होते का? रिकामे हाय का जी थोडे?' आवाज नेहमीचाच, पण मागे बायका रडत होत्या. मी 'हो' म्हणालो आणि किल्ली शोधायला लागलो, काय झालं ते गाडी काढताना कळलं. सुनेला साप चावला होता. पाय न हलवता तिला मागच्या सीटवर निजवलं, ग्रामीण रुग्णालय गाठलं, इंजेक्शन वेळेत लागलं. पहाटे डॉक्टर म्हणाले की आता काळजी नाही. तेव्हा ते गृहस्थ माझ्याजवळ आले आणि हात जोडून म्हणाले, 'झोपमोड केली सर तुमची. पहिले इचारलं होतं मी.'