क्लबहाऊस बुकिंगचे नियम केले आणि पहिला फटका मलाच बसला

आमच्या सोसायटीत १६८ फ्लॅट आणि क्लबहाऊस एकच, जेमतेम साठ-सत्तर माणसं बसतील एवढं. पुण्यात बाहेर छोटा हॉल घ्यायचा तर काय पैसे लागतात ते माहितीच आहे, त्यामुळे बारसं, वाढदिवस, साखरपुडा, सगळ्यांचा डोळा या हॉलवर. आणि बुकिंग कसं व्हायचं, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "२१ तारीख आमची" असं टाकायचं, की झालं. ज्याने आधी टाकलं त्याचं. डिसेंबरमधले शनिवार गणपतीतच संपायचे.

मी कमिटीत नवीन होतो, तोंड उघडलं आणि काम गळ्यात पडलं. सेक्रेटरी काका म्हणाले, "तुम्हीच करा मग मसुदा."

आधी मी वॉचमनकडचं चाव्यांचं रजिस्टर घेऊन बसलो, कारण ग्रुपवर प्रत्येकजण म्हणत होता की आम्हाला कधीच मिळत नाही, आणि खरं काय ते कोणालाच माहीत नव्हतं. वर्षाच्या शनिवार-रविवारच्या मिळून १०४ संध्याकाळी. त्यातल्या ७१ वेळा चावी गेली होती. पण घेणारे फ्लॅट फक्त २३, आणि त्यातल्या चौघांनी मिळून २९ संध्याकाळी नेल्या होत्या! म्हणजे हॉल कमी पडत नव्हता, ठरावीक घरं पुन्हा पुन्हा घेत होती. एका फ्लॅटवाल्यांचं तर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी काहीतरी "घरगुती" असायचं आणि येणारी माणसं सोसायटीतल्या कोणाच्याच ओळखीची नसायची. जाऊ दे.

मग कॅप ठरवली. फ्लॅटमागे वर्षाला ४ बुकिंग, त्यात शनिवार-रविवार संध्याकाळ जास्तीत जास्त २. माणसामागे नाही, फ्लॅटमागे, नाहीतर नवरा एक, बायको एक, आजोबा एक असं सुरू होतं. भाडेकरू राहत असेल तर हक्क भाडेकरूचा, मालक बाहेर राहून आपला कोटा भावाला देऊ शकत नाही, यावर दोन मालक बरेच तापले. दोन फ्लॅट जोडलेल्यांचं काय, हाही प्रश्न आला. ते मेंटेनन्स दोन फ्लॅटचा भरतात, म्हणून कोटा दोनचा, याला उत्तर नव्हतं. शोकसभा किंवा तेराव्याचं जेवण कॅपमध्ये धरायचं नाही आणि भाडंही नाही, हे मात्र कोणी न भांडता मान्य झालं.

बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. सुरुवातीला मी "पहिला येईल त्याला" असंच लिहिलं होतं, पण बी विंगच्या एक काकू म्हणाल्या, अरे तुमची आयटीतली पोरं रात्री १२ वाजून एक सेकंदाला फॉर्म भरणार आणि आम्ही सकाळी चहा घेऊन बघणार! बरोबर होतं त्यांचं. म्हणून आता पहिले तीन दिवस नुसते अर्ज घ्यायचे, एकाच दिवसाला दोन आले तर ज्याने वर्षभरात वीकेंड घेतलेला नाही त्याला आधी, आणि तरीही बरोबरी असेल तर ऑफिसात दोघांसमोर चिठ्ठी. तीन दिवसांनंतर मग जो येईल त्याला.

वेळेवरून सगळ्यात जास्त वाद झाला. संध्याकाळचा स्लॉट साडेपाच ते साडेदहा, सजावट आणि आवराआवर त्यातच धरून. स्पीकर १० ला बंद. इथे एक जण नियमच घेऊन आले, की रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी बंदिस्त हॉलला लागू नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत तशी सूट आहे खरी, पण ती आतल्या आत ऐकू जाण्यापुरती, आणि आमच्या हॉलच्या काचा सरकत्या, वर पहिल्या मजल्यावर लोकांच्या बेडरूम. काका म्हणाले, तुम्ही एक रात्र तिथे झोपून बघा. विषय संपला.

डिपॉझिट ५००० आणि भाडं वेगळं. उशीर झाला तर पंधरा मिनिटं सोडायची, पुढे सुरू होणाऱ्या दर अर्ध्या तासाला ३००. मी याला मसुद्यात "दंड" म्हटलं होतं, काकांनी खोडून "जादा वेळेचं भाडं" केलं आणि अर्जावरच सही घ्यायची ठेवली. दंड म्हटलं की माणूस भांडायला उठतो, भाडं म्हटलं की हिशोब करतो. आणि हे सगळं कमिटीने परस्पर लावलं नाही, विशेष सर्वसाधारण सभा बोलावली, पूर्ण पाच दिवस आधी नोटीस, कोरम २० चा, आले ३१. ठराव मिनिट्समध्ये गेला म्हणून पुढे "हे कोणी ठरवलं" या प्रश्नाला उत्तर राहिलं.

डिपॉझिट रोख घ्यायचं नाही, फ्लॅटधारकाच्याच खात्यातून सोसायटीच्या खात्यात, आणि परतही त्याच खात्यात. ही अट मी हिशोब सोपा जावा म्हणून घातली होती, पण तिचा खरा उपयोग दुसऱ्याच महिन्यात कळला. ज्यांचे दोन वीकेंड संपले होते त्यांनी शेजाऱ्याच्या नावावर अर्ज केला, आणि पैसे आले त्यांच्याच खात्यातून. बुकिंग कॅन्सल झालं, शेजारी बिचारे आठवडाभर लिफ्टमध्ये नजर चुकवत होते.

आता माझी गोष्ट. आईची पंचाहत्तरी, शनिवार संध्याकाळ, रीतसर अर्ज, रीतसर डिपॉझिट. केटररवाला भांडी आवरता आवरेना, फुग्यांच्या कमानीवाला फोन उचलेना, आणि मी चावी दिली ११ वाजून २० मिनिटांनी. म्हणजे ५० मिनिटं उशीर, १५ वजा केली तर ३५, म्हणजे दोन अर्धे तास, ६०० रुपये. वर भिंतीचा रंग टेपने निघालेला, तळहाताएवढा तुकडा, रंगाऱ्याचे ९००. परत आले ३५००. बायको म्हणाली, नियम कोणी केले होते?

६०० ला मी काही बोललो नाही. पण त्या भिंतीला आम्ही टेप लावलाच नव्हता, आमची कमान समोरच्या बाजूला होती. चावी घेताना ठरलेल्या सहा जागांचे फोटो काढून वॉचमनच्या फोनवर पाठवायचे असतात, ते उघडले तर चौथ्या फोटोत तो तुकडा तसाच निघालेला, वेळ ५:३४. ९०० परत मिळाले.

मग ते ९०० कोणाकडून घ्यायचे? आधीचं बुकिंग गुरुवारचं बारसं, त्यांचं डिपॉझिट शुक्रवारीच परत गेलेलं, कारण चावी परत देताना फोटो काढायचे असं मी कुठे लिहिलंच नव्हतं. रंगाचे पैसे सोसायटीने भरले. आता फोटो दोन्ही वेळा काढतात आणि पुढचा माणूस चावी घेऊन त्याचे फोटो टाकेपर्यंत किंवा सात दिवस होईपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत, डिपॉझिट थांबतं. बारशावाले म्हणतात, तुकडा त्यांच्याही आधीपासून होता. असेलही.