उपाशीपोटी चालणे आणि चरबीचा हिशेब

आमच्या प्रयोगशाळेत श्वासातील वायूंचे मापन करून शरीर कोणते इंधन जाळत आहे हे पाहिले जाते. येथे येणारे बहुतेक जण खेळाडू असतात. ज्या गृहस्थांविषयी लिहीत आहे ते मात्र पन्नाशीतले, ८२ किलो वजनाचे आणि रोज कार्यालयात बसून काम करणारे होते. कित्येक महिने ते आठवड्यातून पाच दिवस पहाटे काहीही न खाता पाऊण तास चालत होते, आणि तरीही त्यांचे वजन हलले नव्हते. रिकाम्या पोटी चालल्यास थेट चरबी जळते, असे त्यांच्या व्यायाम प्रशिक्षकाने त्यांना सांगितले होते. "मॅडम, माझ्याच शरीरात काही दोष आहे का, एवढे सांगा," असे ते म्हणाले.

या चाचणीत निकाल बिघडवणाऱ्या गोष्टी बारीक असतात. तीन लिटरच्या सिरिंजने प्रवाहमापक तपासावा लागतो, ज्ञात प्रमाणाच्या वायूने विश्लेषक जुळवावा लागतो, आणि मुखवटा नाकाच्या कडेने जरा जरी गळत असेल तरी आकडे फसवे येतात. माणूस घाबरून भराभर श्वास घेऊ लागला, तर साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तो कर्बोदके जाळत असल्याचा भास होतो. म्हणून सुरुवातीची काही मिनिटे मी हिशेबात धरत नाही. घाईने चाचणी उरकणारे सहकारी नेमके येथेच चुकतात, आणि तो कागद पुढे वर्षभर प्रमाण मानला जातो.

त्यांना पहिल्या दिवशी उपाशी आणि नंतर एका दिवशी न्याहारीनंतर दीड तासाने, ताशी पाच किलोमीटरच्या त्याच वेगाने चालवले. बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड आणि वापरलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर फक्त चरबी जळत असेल तर ०.७ च्या आसपास आणि फक्त कर्बोदके जळत असतील तर १ असते. उपाशी असताना ते ०.८० आले, तर न्याहारीनंतर ०.८८. म्हणजे त्यांच्या प्रशिक्षकाचे म्हणणे त्या पाऊण तासापुरते अगदी खरे होते. दोन्ही वेळा एकूण खर्च सुमारे २१० किलोकॅलरी झाला, पण उपाशी असताना त्यातून साधारण १५ ग्रॅम चरबी जळली आणि खाल्ल्यावर ९ ग्रॅम. शरीर निर्दोष होते, समजूतही मापनात उतरली होती, आणि वजन मात्र तसेच होते. ही विसंगती समोर बसून समजावून सांगणे मला त्या दिवशी फार कठीण गेले.

मी त्यांना प्रथम हे विचारले की, चालताना जी जास्तीची सहा ग्रॅम चरबी जळली, तिच्या बदल्यात काय वाचले? वाचली ती कर्बोदके. ती यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने राहतात, आणि ते कोठार काहीशे ग्रॅमचेच असते. खाणे आणि एकूण खर्च तेवढाच राहिला, तर ते कोठार आठवडेच्या आठवडे भरत राहू शकत नाही. शरीर पुढे केव्हातरी कर्बोदके अधिक आणि चरबी कमी जाळून तो फरक भरून काढते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० तरुण स्त्रियांना उष्मांक कमी असलेला आहार देऊन चार आठवडे, काहींना उपाशी आणि काहींना खाऊन, आठवड्यातून तीनदा तासभर व्यायाम करवला होता. दोन्ही गटांची चरबी घटली, पण गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. अभ्यास लहान आणि अल्पकाळाचा होता हे खरे, तरी त्याचा निष्कर्ष या हिशेबाशी जुळणारा आहे.

मग आम्ही त्यांची आहाराची नोंदवही उघडली. २१० किलोकॅलरींपैकी सुमारे ६० तर ते नुसते बसून राहिले असते तरी खर्च झाल्याच असत्या, म्हणजे चालण्याची खरी भर १५० ची. चालण्याच्या दिवशी त्यांची न्याहारी मात्र इतर दिवसांपेक्षा २०० किलोकॅलरींच्या आसपास मोठी होती. यात हावरेपणा नव्हता. उपाशी चालून आल्यावर ते हक्काचे आहे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. चरबी तर आधीच जळून गेली, ही समजूतच ताटात जास्तीचे वाढून घेत होती. प्रशिक्षकाने अर्धे सत्य सांगितले, आणि उरलेल्या तेवीस तासांविषयी कोणी बोललेच नाही, याचा मला अजूनही राग येतो.

पहाटे चालणे सोडू का, असे त्यांनी विचारले. ती वेळ सोयीची असेल तर सोडू नका, असे मी सांगितले. ते मधुमेहाची औषधे घेत नव्हते. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी असे सांगितले नसते. त्यांना बदलायची होती ती न्याहारी.

निघताना त्यांनी उपाशी चाचणीचा कागद मागितला. सकाळच्या सोबत्यांना दाखवायचा होता. तो कागद एकटा गेला असता, तर समजूत आणखी घट्ट झाली असती. म्हणून मी दोन्ही चाचण्या एकाच पानावर छापल्या, त्यांखाली चालण्याच्या आणि न चालण्याच्या दिवसांचे एकूण खाणे लिहिले, आणि मगच ते पान त्यांच्या हाती दिले. त्या सोबत्यांनी त्यातला कोणता आकडा वाचला, हे मला कळलेले नाही.