लोड सुटला, पाणी मात्र येतच होतं

कोयनेचं पाणी मूळचं पूर्वेला, कृष्णेकडे जाणारं. हेळवाकजवळ 103 मीटर उंचीच्या धरणाने ते अडवलं आणि सह्याद्रीतून बोगदा काढून पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला वळवलं. धरण पाणी साठवून वर धरून ठेवतं, खरी उंची सह्याद्री देतो. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पोचेपर्यंत पाणी साधारण 475 मीटर उतरलेलं असतं. नोझलमधून ते सेकंदाला 90 मीटरहून जास्त वेगाने सुटतं आणि पेल्टन रनरच्या, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या चाकाच्या, वाटीसारख्या बकेटवर आदळतं. 70 मेगावॅटच्या एका मशीनला सेकंदाला सोळा-सतरा घनमीटर पाणी लागतं.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तिथे माझी शिफ्ट होती. पीकची वेळ, तीन मशीन भरून चाललेली. बाहेर वळवाचा पाऊस. वीज कोसळून लाइन ट्रिप झाली आणि तिन्ही मशीनचा लोड, म्हणजे त्यांच्यावरचा विजेचा भार, एकदम सुटला.

लोड गेला की रनरला अडवणारं काही उरत नाही. आवाज चढत गेला, अंगावर काटा आला. अशा वेळी नोझलचं तोंड मिटवणारी नीडल झटकन बंद करावी, असं कुणालाही वाटेल. पण उतारावरच्या पाइपात धावणारं पाणी एकदम थांबवलं तर दाबाचा असा तडाखा बसतो की पाइप फुटू शकतो. म्हणून मशीनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर आधी डिफ्लेक्टर पुढे करतो. ही पोलादी पट्टी दीड-दोन सेकंदांत धार बकेटवरून बाजूला वळवते. पाणी येत राहतं, पण रनरला लागत नाही. नीडल मग सावकाश मिटते. स्पीडचा काटा चढायचा थांबला तेव्हा माझा श्वास सुटला.

वरच्या बोगद्यात साडेतीन किलोमीटरहून लांब पाण्याचा ओघ मात्र अजून धावत होता. तो बोगद्याला जोडलेल्या, विहिरीसारख्या उभ्या सर्ज टँकमध्ये चढला. पातळी वर गेली, मग धरणाकडे मागे सरत खाली उतरू लागली.

तेवढ्यात ग्रिडवर कुणी किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या लोड डिस्पॅचचा फोन आला, लाइन पूर्ववत झाली, लगेच मशीन द्या. माझा हात स्टार्टकडे गेला. साहेब म्हणाले, "थांब. आधी सर्जची लेव्हल बघ."

लेव्हल पडतच होती. त्या क्षणी तिन्ही मशीननी पाणी ओढलं असतं तर ती आणखी खचली असती. फारच खचली तर मशीनकडे उतरणाऱ्या शाफ्टच्या तोंडाशी हवा आत शिरते, आणि पाण्यात मिसळलेली हवा खाली मशीनपर्यंत धक्के देत येते.

साहेबांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "एकेक देतो, तिन्ही एकदम मिळणार नाहीत."

लेव्हल तळाला जाऊन पुन्हा चढू लागली तेव्हा पहिलं मशीन फिरवलं, ग्रिडच्या तालाशी जुळवून सिंक्रोनाइझ केलं आणि लोड हळूहळू वाढवला. दुसऱ्यासाठी पुढचा हेलकावा लहान होऊ दिला. तिसरं सगळ्यात शेवटी घेतलं, तोवर लेव्हलची रेघ जवळजवळ सरळ झाली होती.