बरोबर आलेलं उत्तर

त्या दुपारी मी एका विद्यार्थिनीचं बरोबर आलेलं उत्तर चुकवलं, तेही लाल पेनाने. तिला मार्क परत दिले, पण प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

प्रयोग नेहमीचाच होता. ऍसेटिक आम्लाचा विचरण स्थिरांक K, म्हणजे आम्ल पाण्यात कितपत फुटून आयन होतं ते सांगणारा आकडा, वाहकतेवरून काढायचा. ०.१ मोलर द्रावण घ्यायचं, त्यातलं १० मिलिलिटर पिपेटने १०० च्या फ्लास्कमध्ये टाकून खुणेपर्यंत पाणी भरायचं, त्यातून पुन्हा १०, असं ०.०००१ मोलरपर्यंत उतरत जायचं. चार फ्लास्क, चार रीडिंग. बाथ २५ अंशांवर. सेल कॉन्स्टंट आधी ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडवर लावून घ्यायचा. बाहेरच्यांना वाटतं अवघड भाग मीटरमध्ये असेल. तसं नाही, मीटर बिचारा खरं सांगतो. अवघड असतं ते सेल नीट धुणं, आणि धुतलं तरी ते मुलांना पुन्हा धुवायला लावणं.

रीडिंगला संहतीने भागलं की मोलर वाहकता मिळते. आम्ल पूर्ण फुटलं असतं तर ती ३९०.७ आली असती. प्रत्यक्ष आलेली तिच्या किती हिस्सा आहे, तोच α, म्हणजे शंभरातले किती रेणू आयन होऊन बसलेत ते. ०.१ मोलरला जेमतेम १.३ टक्के, ०.०००१ ला ३४ टक्क्यांच्या आसपास. ऑस्टवाल्डने १८८८ मध्ये मांडलेलं म्हणणं असं की संहती c हजारपट उतरली, α कुठल्या कुठे गेला, तरी

K = cα²/(1−α)

हा आकडा जागचा हलत नाही. पहिल्या फ्लास्कमधून निघालेला K चौथ्यातही तोच निघाला पाहिजे. सगळ्या प्रयोगाचा जीव त्या एका स्तंभात असतो.

या मुलीच्या जर्नलमधला तो स्तंभ बघून मी खूश झाले. रीडिंग मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये ५२०, १६५, ५१.५ आणि १६.४. त्यावरून K, १०⁻⁵ च्या पटीत, १.७७, १.७८, १.७४ आणि १.७६. पुस्तकातला आकडा १.७५. मी सही करणार, एवढ्यात वर नजर गेली. तिने चारही ठिकाणी K = cα² एवढंच वापरलं होतं, खालचा 1−α गाळून.

आता हे गाळणं पहिल्या दोन फ्लास्कना चालतं. α चार टक्के असेल तर 1−α म्हणजे ०.९६, त्याला एक धरलं तर फारसं बिघडत नाही. पण शेवटच्या ओळीत तिचा स्वतःचाच α ०.४२ आला होता. निम्म्याच्या आसपास आम्ल फुटलंय, आणि उरलेलं ‘सगळंच्या सगळं’ आहे असं धरायचं? मी लाल पेनाने गोल केला. म्हटलं, “पूर्ण सूत्र घाल आणि परत आण.” बारावीला हे संक्षिप्त सूत्र घोकून घेतात आणि ते कुठवर चालतं हे सांगायला विसरतात. हे माझं जुनं दुखणं, त्यामुळे मी ते दोन वाक्यं जास्तच ठासून बोलले.

वीस मिनिटांनी ती परत आली. स्तंभ आता असा होता: १.८०, १.८६, २.००, ३.०४.

“मॅडम, आधी बरोबर येत होतं.”

मी कॅल्क्युलेटर घेतला. तिचं गणित अचूक होतं. सूत्र माझं, म्हणजे बरोबर. आणि स्थिरांक म्हणवणारी गोष्ट डोळ्यांसमोर पावणेदोनपट झाली होती. मागे आणखी चार जण जर्नल घेऊन उभे होते, त्यांनाही मजा वाटायला लागली होती.

वेळ काढायला मी म्हटलं, पाण्याची स्वतःची वाहकता वजा केलीस का? केली नव्हती. वर्गात कोणीच केली नव्हती, कारण आम्हीच कधी करायला लावलेली नाही. चौथ्या फ्लास्कमध्ये आम्ल इतकं कमी असतं की खरं रीडिंग १३ च्या आसपास यायला हवं. पाण्याने त्यात तीन-चार घातले तर तो मोठाच वाटा. पहिल्या फ्लास्कच्या ५२० मध्ये तेच तीन-चार कुठे दिसतही नाहीत. म्हणूनच बिघाड विरल टोकाला फुगत जातो. K वर चढताना दिसला की आधी पाण्याकडे बघायचं, आणि खाली घसरताना दिसला तर सूत्राकडे.

कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर सेलमध्ये घेतलं. ४.० आलं. विभागाने महागडा डिजिटल मीटर घेतला, त्याचं उद्घाटनही केलं, पण त्यात आपलं रोजचं पाणी घालून बघावं असं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

चारही रीडिंगमधून ४.० वजा केले, पूर्ण सूत्र घातलं. १.७७, १.७७, १.६८, १.४८. आता उलटीकडे झुकलं! सूत्र तर पूर्ण होतं, म्हणजे माझ्या नियमातला घसरण्याचा दोष तिथे नव्हताच. मुलगी काही बोलली नाही. नुसतं बघत होती, आणि ते जास्त लागलं.

इथे मला माझ्या मास्तरांची एक सवय आठवली. ते वाहकतेच्या प्रयोगाआधी पाणी उकळून, बूच लावून थंड करायचे. तेव्हा आम्हाला तो सोवळेपणा वाटायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि कार्बोनिक आम्लाचे थोडे आयन देतो. नुसत्या त्याच्यामुळे शुद्ध पाणी एक मायक्रोसीमेन्सच्या जवळ जातं. पण तेच पाणी ऍसेटिक आम्लात गेलं की तिथे हायड्रोजन आयन आधीच भरपूर असतात, आणि कार्बोनिक आम्ल फुटायचं जवळजवळ थांबतं. म्हणजे कोऱ्या पाण्यात मोजलेला तो हिस्सा द्रावणात उरतच नाही. जे तिथे नाही ते मी वजा करत होते. क्षारांचा हिस्सा मात्र आम्ल असो-नसो, वाहत राहतो. वजा करायचा तो तेवढाच.

प्रयोगशाळेतल्या काकांनी पाणी उकळून दिलं. “पाणी डिस्टिल करायच्या यंत्राची कॉइल साफ करायला दोनदा सांगितलं होतं मी,” हेही जाता जाता ऐकवलं. खरं होतं ते. थंड झाल्यावर रीडिंग ३.१. तेवढे वजा करून पुन्हा गणित: १.७७, १.७९, १.७५, १.७६.

मुलांची बस गेली होती आणि आम्ही दोघी त्या स्तंभाकडे बघत बसलो होतो. कारण हा स्तंभ आणि तिचा पहिला स्तंभ जवळपास सारखाच होता. तिने दोन चुका केल्या होत्या. पाणी वजा न केल्याने K वर जात होता, 1−α गाळल्याने खाली येत होता, आणि दोन्ही मिळून चारही ओळींत एकमेकींना खाऊन टाकत होत्या. एखाद्या ओळीत असं जमलं तर योगायोग म्हणता येईल. हजारपट संहतीच्या पट्ट्यात चारही ओळींत कसं जमेल?

रात्री घरी कागद घेऊन बसले तेव्हा उलगडलं. गाळलेल्या सूत्राने α = √(K/c) येतो. पूर्ण सूत्राने, α लहान असताना, त्यापेक्षा साधारण K/2c ने कमी. ही तूट रीडिंगमध्ये बघायची तर तिला c ने आणि ३९०.७ ने गुणायचं. गुणलं की c उडून जातो! राहतं ३९०.७ गुणिले K चं निम्मं. मांडलं तर सुमारे ३.४ मायक्रोसीमेन्स, संहती कुठलीही असो. म्हणजे संक्षिप्त सूत्र वापरणं आणि प्रत्येक रीडिंगमध्ये ३.४ फुकट घालणं, याचा परिणाम एकच. आमच्या पाण्यातले क्षार नेमके ३.१ घालत होते. चौथ्या फ्लास्कला α मोठा असल्याने तूटही थोडी कमी, ३.१ च्या जवळच येते. मळकट कॉइलचं पाणी आणि अर्धवट सूत्र एकमेकांसाठीच बनले होते.

हे ऍसेटिक आम्लापुरतंच. फॉर्मिक आम्लाचा K दहापट मोठा, तिथे ही तूट ३६ च्या घरात जाते. तीन मायक्रोसीमेन्सचं पाणी ती झाकू शकणार नाही. आम्ही फॉर्मिक आम्ल दिलं असतं तर पहिल्याच बॅचला हे उघडं पडलं असतं.

पण झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणाने. ४.० ने स्तंभ वाकला तेव्हा मी पाणी उकळलं. ३.१ ने सरळ झाला तेव्हा मी थांबले. सरळ झाला म्हणून थांबले. पाण्यातले क्षार कुठले हे मी तपासलं नव्हतं. त्यात बायकार्बोनेट असतं तर आम्लाने ते खाल्लं असतं आणि साधी वजाबाकी चाललीच नसती. उत्तर माहीत असताना मी त्याच्यापर्यंत चालत गेले होते. त्या मुलीने निदान नकळत केलं होतं.

म्हणून पुढच्या आठवड्यात शेजारच्या प्रयोगशाळेतून विआयनित पाणी आणलं. त्याचं रीडिंग ०.९, म्हणजे जवळपास सगळं कार्बन डायऑक्साइडचं, द्रावणात न उरणारं. द्रावणं नव्याने केली, तिनेच केली. ०.०००१ मोलरला रीडिंग १३.४. काहीही वजा न करता पूर्ण सूत्राने K आला १.७९. तिने हळूच तिचं जुनं सूत्रही लावून बघितलं. १.१८.

“म्हणजे मॅडम, पाणी चांगलं असतं तर मी नापास होते.”

मग मी कपाटातली मागच्या बॅचची जर्नल काढली. पहिल्याच जर्नलात १.७६, १.७८, १.७५, १.७७. वर K = cα², पाण्याचा उल्लेख नाही, खाली माझी सही आणि ‘उत्तम’. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात एका मुलाचे आकडे १.८ पासून ३ पर्यंत चढत गेलेले, सूत्र पूर्ण लिहिलेलं, आणि शेजारी माझ्याच अक्षरात: ‘रीडिंग पुन्हा घ्या.’