आम्हाला तर पान दिसतच नाही

प्रवेशाच्या दिवसांत शाळांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या माणसाला फोन येतात ते बहुतेक 'फॉर्म उघडत नाही' असेच. त्या सकाळी एका मुख्याध्यापिकाबाईंची तक्रार उलटी होती. त्यांचा फॉर्म भलत्याच ठिकाणी उघडत होता.

"अहो, हुबेहूब आमचाच फॉर्म आहे. पालक तिथे नोंदणी फी भरतायत. आम्ही होस्टिंग कंपनीला पत्र पाठवलं, तर म्हणतात, असं पान आम्हाला दिसतच नाही. खोटं बोलतायत का हो?"

मी ते पत्र मागवून घेतलं. शाळेच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, कडक भाषेत लिहिलेलं होतं. आमच्या नावाचा आणि बोधचिन्हाचा विनापरवाना वापर, बदनामी, कायदेशीर कारवाई वगैरे. सोबत मोबाइलवर काढलेला स्क्रीनशॉट. त्यात पानाचा पत्ता ब्राउझरने अर्धाच दाखवला होता आणि पूर्ण पत्ता पत्रात कुठेच नव्हता. शिवाय नाव-बोधचिन्हाचा मुद्दा पहिल्याच ओळीत आल्यामुळे तक्रार कॉपीराइटच्या गठ्ठ्यात जाण्याची दाट शक्यता. तिथे मालकीचा पुरावा मागतात, मग ग्राहकाला कळवतात, त्याच्या उत्तराची वाट पाहतात. फसवणुकीच्या, म्हणजे फिशिंगच्या तक्रारीला इतकं थांबावं लागत नाही. बाईंचा राग रास्त होता, पण तो चुकीच्या खिडकीवर गेला होता.

एका पालकाकडून मूळ मेसेज मिळाला आणि पूर्ण लिंक हाती आली. लॅपटॉपवर उघडली तर खरंच काही नाही, 'पान सापडले नाही'. तीच लिंक फोनवर उघडली तर शाळेचा फॉर्म समोर. कंपनी खोटं बोलत नव्हती. ब्राउझर प्रत्येक वेळी सर्व्हरला आपली ओळख सांगतो. हे पान ती ओळख बघून फक्त मोबाइलवाल्यांनाच दार उघडत होतं. पालक लिंक फोनवरच उघडतात आणि तक्रार तपासणारा माणूस बहुधा कॉम्प्युटरवर बसलेला असतो, एवढा साधा हिशेब. खात्रीसाठी एकाच पत्त्याला दोन ओळखींनी विचारलं (पत्ते इथे बदलले आहेत):

```
U=https://sangeet-varg.example/wp-content/uploads/pravesh/
curl -sI "$U" | head -1
curl -sI -A "Mozilla/5.0 (Linux; Android 13) Mobile" "$U" | head -1
```

पहिल्याला 404, म्हणजे पान नाही; दुसऱ्याला 200, म्हणजे पान आहे. या दोन ओळी पत्रात गेल्या, की 'आम्हाला दिसत नाही' म्हणायला जागा उरत नाही.

आता पत्र कोणाला लिहायचं? डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारलाही लिहिता आलं असतं आणि डोमेन फसवणुकीसाठीच घेतलेलं असतं, तर मी तेही केलं असतं. पण इथे डोमेन कित्येक वर्षांपूर्वी नोंदलेलं होतं, मुखपृष्ठावर कुणाचा तरी संगीतवर्ग नीट चालू होता, आणि खोटं पान होतं ते `uploads` फोल्डरच्या पोटात. तिथे फोटो ठेवतात, प्रवेशअर्जाचं तिथे काय काम? म्हणजे संगीतवर्गाची साइट कुणीतरी फोडली होती. रजिस्ट्रारकडे त्या एका फोल्डरला हात लावायची सोय नसते. तो फार तर अख्खं डोमेन बंद करतो आणि त्या बिचाऱ्या वर्गाचा ईमेलसुद्धा त्याबरोबर बंद पडतो. म्हणून होस्टच. `dig` ने सर्व्हरचा आयपी पत्ता काढला, त्या आयपीची `whois` नोंद पाहिली आणि गैरवापराच्या तक्रारींसाठीचा ईमेल मिळाला. शाळेचं पत्र गेलं होतं विक्री विभागाच्या पत्त्यावर.

पानाचा सोर्स वाचताना मात्र मजा आली. मेन्यूतल्या सगळ्या लिंक शाळेच्या खऱ्या साइटवरच जात होत्या. चोरी होती ती फक्त 'अर्ज सादर करा' या एका बटणात. ते सगळी माहिती त्याच फोल्डरमधल्या `post.php` कडे पाठवत होतं. त्याहून गमतीचं म्हणजे बोधचिन्ह त्यांनी उचलून नेलंच नव्हतं, ते थेट शाळेच्या सर्व्हरवरून मागवलं जात होतं. त्यामुळे कुणीही खोटं पान उघडलं, की शाळेच्या लॉगमध्ये संगीतवर्गाच्या डोमेनवरून आलेली मागणी म्हणून नोंद पडत होती. पान पालकांपर्यंत कधीपासून पोचतंय, याचा पुरावा आयता आमच्याच घरात!

मग थोडा आगाऊपणा केला. त्या डोमेनवरून बोधचिन्हाची मागणी आली, की त्याच्या जागी लाल अक्षरांतलं 'हा फॉर्म खोटा आहे, माहिती भरू नका' हे चित्र जाईल, असं शाळेच्या सर्व्हरवर लावून दिलं. पान काढणं आमच्या हातात नव्हतं, पण त्यावर पाटी लावणं होतं.

पत्र इंग्रजीत लिहिलं. मराठीत मजकूर साधारण असा:

"विषय: फिशिंग, तुमच्या सर्व्हरवर शाळेचा बनावट प्रवेशअर्ज, कार्डाची माहिती चोरली जात आहे.

पत्ता: `hxxps://sangeet-varg[.]example/wp-content/uploads/pravesh/`
खरा अर्ज: `https://shala.example/pravesh`

हे पान फक्त मोबाइल ब्राउझरला दिसते. डेस्कटॉपवरून 404 येतो. दोन्ही उत्तरे वेळेसह (यूटीसी) खाली दिली आहेत. पान मुलाचे नाव, जन्मतारीख आणि पालकाच्या कार्डाचा तपशील मागते व `post.php` कडे पाठवते. साइट जुनी व इतर कामाची असल्याने ती फोडली गेली असावी असे आम्हाला वाटते. संपूर्ण साइट बंद करावी अशी आमची मागणी नाही. हे फोल्डर बंद करावे, साइटच्या मालकास कळवावे, घुसखोरीचा मार्ग शोधावा आणि लॉग व फाइली पुसण्यापूर्वी जपून ठेवाव्यात."

लिंक मुद्दाम मोडून लिहिली. चालू धोकादायक लिंक असलेला मेल पलीकडच्या गाळणीतच अडकू शकतो. बाईंना पत्र फारच मवाळ वाटलं. "कायदेशीर कारवाईचं एक वाक्य तरी घाला की!" मी नाही घातलं. तशा वाक्याने मेल तपासनिसाकडून वकिलाच्या टेबलावर सरकायचा.

दुपारी उत्तर आलं: पान काढलं आहे, तक्रार बंद. मी पुन्हा दोन्ही ओळखींनी विचारलं, दोन्हीकडे 404. पण सोर्स वाचताना त्या पानाची आणखी एक फाइल नजरेत आली होती, एक फोल्डर वरती ठेवलेली `pravesh.zip`. ती अजून जागेवर होती. म्हणजे ज्याने पान लावलं, तो तेच गाठोडं परत सोडू शकत होता. त्याच तक्रार क्रमांकावर पुन्हा लिहिलं, या वेळी दोनच ओळी. संध्याकाळी ती फाइलही गेली आणि साइटच्या मालकाला सगळे पासवर्ड बदलायला सांगितल्याचं त्यांनी कळवलं.

बाईंना आता फॉर्म भरलेल्या पालकांची यादी हवी होती. ती होस्ट देत नाही. ग्राहकाच्या खात्यातला डेटा तक्रारदाराला देता येत नाही, पोलिसांनी रीतसर मागितला तर देतात. आम्ही लॉग जपायला सांगितलं होतं ते त्यासाठीच. शाळेने पोलिसांत तक्रार दिली, होस्टचा तक्रार क्रमांक त्यात लिहिला, आणि सगळ्याच पालकांना कळवलं, की त्या लिंकवर कार्डाचा नंबर टाकला असेल तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, शाळेला नंतर सांगितलं तरी चालेल.